भिंतीचा रंग आणि मंजूर नमुना: पेंटरला पत्र लिहिण्याआधी

कोकणात घराला रंग लागतो तो बहुतेक गणपतीच्या तोंडावर. कशेडी घाटाच्या अलीकडे पोलादपूर, पलीकडे खेड. दोन्हीकडे रीत एकच. चाकरमानी येण्याआधी हॉल रंगवून झाला पाहिजे, मखराच्या मागची भिंत तर झालीच पाहिजे. रंगकामाला सगळ्यांत वाईट काळ नेमका हाच. पोलादपूर तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवा ओली, गिलावा ओला, रंग वाळायला तयार नाही. मग भिंत वाळते आणि घरमालक म्हणतो, 'आम्ही पास केलेला रंग हा नव्हे.'

ही तक्रार बऱ्याचदा खरी असते, पण पत्रात लिहिलेलं कारण बऱ्याचदा चुकीचं असतं. 'तुम्ही हलका माल वापरला', 'रंगात पाणी ओतलं', 'शेडच बदलली' असे आरोप लिहून पाठवले, की पेंटर दुखावतो आणि एकाच वाक्यात हात झटकतो: 'डब्यावर कोड तोच आहे, बघून घ्या.' तिथे बोलणं खुंटतं. खाली जे गैरसमज घेतले आहेत ते दोन्ही बाजूंचे आहेत. ते दूर केल्याशिवाय पत्राला वजन येत नाही.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. घाटाच्या पोलादपूरकडच्या अंगाला, नवा गिलावा केलेलं. हॉलची समोरची भिंत १४ फूट लांब, १० फूट उंच. ठरलेला रंग फिकट पारवा, मॅट इमल्शन. पेंटरने प्लायच्या तुकड्यावर रंग लावून दाखवला, घरच्यांनी पसंत केला, दोघांनी त्यावर सही केली आणि तो तुकडा जपून ठेवला. भिंत वाळल्यावर डावीकडचा दोन तृतीयांश भाग नमुन्यापेक्षा फिका आणि ढगाळ दिसतो, उजवीकडचा एक तृतीयांश निळसर.

गैरसमज: 'ओला आहे म्हणून गडद दिसतो, वाळला की फिका होईल.'

घरातली वडीलधारी माणसं हे छातीठोकपणे सांगतात. त्यांचं चुकत नाही, फक्त ते दुसऱ्या रंगाबद्दल बोलत असतात. त्यांनी आयुष्यभर चुना आणि पाण्यात कालवायचं डिस्टेंपर पाहिलं. चुन्याचा हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक असतो, खालची भिंत दिसते. वाळताना पाणी निघून जातं, कणांमध्ये हवा शिरते, उजेड जास्त विखुरतो आणि भिंत पांढरीशुभ्र होते. रंग घातलेला चुनाही वाळल्यावर कितीतरी फिका पडतो.

इमल्शनचं उलट आहे. त्यात रंग धरून ठेवणारा पॉलिमर पाण्यात बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो आणि ओलेपणी तो दुधासारखा दिसतो. पाणी उडालं की हे कण एकमेकांना चिकटून सलग, पारदर्शक थर बनतो. वरचा दुधीपणा गेल्यामुळे वाळलेलं इमल्शन साधारणपणे ओल्यापेक्षा गडद आणि भरदार दिसतं. म्हणून रोलर फिरत असताना 'फार फिका वाटतोय' म्हणून काम थांबवणं जितकं चूक, तितकंच 'वाळला की कमी होईल' या भरवशावर गडद रंग पुढे रेटणंही चूक.

डब्यावर 'दुसरा हात ४ तासांनी' असं काही लिहिलेलं असतं, ते कोरड्या, साधारण उबदार हवेला धरून. श्रावणातल्या घाटात तेवढ्यात पहिला हात वाळत नाही. पूर्ण वाळलेल्या भागाशेजारी अर्धवट वाळलेला भाग एक-दोन दिवस वेगळाच दिसतो, तेव्हा तक्रारीची घाई करू नये. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हवा खूप ओली असली तर इमल्शनमधले साबणासारखे घटक वर येतात आणि भिंतीवर चिकट, किंचित तपकिरी, चमकणारे ओघळ उमटतात. लोकांना वाटतं रंगच खराब निघाला. रंग पूर्ण वाळल्यावर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने ते हलक्या हाताने पुसून बघा. पुसून गेले तर शेड बदललेली नाही.

गैरसमज: 'शेडकार्डावरचा चौकोन हाच मंजूर नमुना.'

कार्ड निवडीसाठी असतं. ते कागदावर, वेगळ्या पद्धतीने, गुळगुळीत आणि एकसारखं बनवलेलं असतं. तुमची भिंत पुट्टीची, रोलरने रंगवलेली, बारीक दाणे असलेली. त्यात चमकेचा फरक येतो. एकच कोड मॅटमध्ये घेतला तर पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो आणि रंग थोडा धुरकट, फिका दिसतो. चमक असलेल्या प्रकारात तोच रंग खोल दिसतो. कार्डाशी ताडून 'जुळत नाही' म्हणणाऱ्याला पेंटर सहज उत्तर देऊ शकतो, आणि त्याचं उत्तर बरोबर असतं.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो तर त्याहून कमकुवत पुरावा. मोबाइलचा कॅमेरा दर फोटोला पांढरेपणा आपल्या आपण बदलतो. तीच भिंत सकाळी निळसर येते आणि संध्याकाळी पिवळसर. फोटोला उपयोग एकच: नमुन्याचा तुकडा भिंतीला टेकवून दोन्ही एकाच चौकटीत घेतले, तर त्यांच्यातला फरक दिसतो. नुसत्या भिंतीच्या फोटोतून काही सिद्ध होत नाही.

खरा नमुना म्हणजे तेच इमल्शन, तोच प्रायमर, तेवढेच हात देऊन रंगवलेला आणि पूर्ण वाळलेला तुकडा. तो प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा, निदान वीतभर लांबीरुंदीचा असावा. त्याच्या मागे कोड, रंगाचा प्रकार, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. असे दोन तुकडे करून एक मालकाने आणि एक पेंटरने ठेवावा. भिंतीवरच रंगवून पाहिलेला चौकोन निवडीला उत्तम, पण काम सुरू झालं की तो रंगाखाली जातो आणि ताडून पाहायला काही उरत नाही.

गैरसमज: 'दुकानात पाहिला तसा घरात दिसत नाही, म्हणजे फसवणूक.'

घाटातल्या घराचा उजेड महाडच्या बाजारपेठेतल्या दुकानासारखा नसतो. पावसाळ्यात खिडकीबाहेर चारी बाजूंनी हिरवं असतं आणि आत येणारा उजेड त्या हिरव्यावरून परावर्तित होऊन येतो. फिकट पारव्यासारखा सौम्य रंग ती झाक लगेच घेतो. उन्हाळ्यात अंगणात जांभ्याची लाल फरशी किंवा लाल माती तापलेली असली, तर तोच रंग उबदार वाटतो. रात्री पिवळा बल्ब लावला तर पारवा मळकट दिसतो, पांढऱ्या एलईडीखाली निळा. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकाच रंगाच्या असल्या, की एकीवरून उडालेला रंगीत उजेड दुसरीवर पडतो, म्हणून संपूर्ण खोली हातातल्या तुकड्यापेक्षा गडद वाटते. यातल्या कशालाही पेंटर जबाबदार नाही.

हे वेगळं काढायची परीक्षा सोपी आहे. सहीचा तुकडा भिंतीला टेकवून धरायचा आणि दुपारी खिडकीजवळच्या उजेडात, संध्याकाळी आणि दिवा लावून असा तीनदा पाहायचा. तुकडा आणि भिंत तिन्ही वेळी सारखेच बदलत असतील तर फरक उजेडाचा आहे. पत्र लिहू नका, बल्ब बदला. दिवसा दोन्ही जुळतात आणि दिव्याखाली वेगळे पडतात, असं झालं तर मात्र विचारायला जागा आहे. बहुधा भिंतीचा रंग वेगळ्या रंगद्रव्यांनी जुळवलेला असतो, म्हणजे कोड एका कंपनीचा आणि मिश्रण दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर. तिन्ही वेळी फरक दिसला तर भिंत खरोखर वेगळी आहे. आपल्या उदाहरणातल्या घरात असंच झालं.

गैरसमज: 'पाणी जास्त घातलं की शेड बदलते.'

पाणी भिंतीवर राहत नाही, उडून जातं. राहतात ती रंगद्रव्यं आणि पॉलिमर, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच असतं. म्हणून नुसत्या पाण्याने पारव्याचा निळा होत नाही. पाण्याने होतं ते असं, की थर पातळ बसतो, खालची पांढरी पुट्टी आरपार डोकावते आणि रंग फिका, ढगाळ, रोलरच्या पट्ट्यांचा दिसतो. डब्यावर पाण्याची मर्यादा छापलेली असते ती यासाठी. प्रायमर न लावता सरळ पुट्टीवर रंग दिला तरी हेच होतं, कारण पुट्टी कुठे जास्त शोषते, कुठे कमी.

याचाही निकाल भिंतच देते. फिक्या भागात फूटभराचा चौकोन निवडून डब्यातलाच उरलेला रंग, छापील मर्यादेइतकंच पाणी घालून, आणखी एक हात लावायचा. पूर्ण वाळू द्यायचा, घाटात म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत. मग शेजारी सहीचा तुकडा धरायचा. चौकोन तुकड्याजवळ आला तर शेड बरोबर आहे, रंग कमी बसला आहे. चौकोन भिंतीपेक्षा भरदार झाला पण झाक अजून वेगळीच राहिली, तर दोष डब्यातच आहे.

आपल्या भिंतीच्या डाव्या भागातला चौकोन नमुन्याशी जुळला. तिथे प्रश्न पातळ थराचा. उजव्या भागात तिसरा हात देऊनही निळसरपणा गेला नाही.

गैरसमज: 'कोड तोच, म्हणजे रंग तोच.'

पेंटरचं हे आवडतं वाक्य अर्धंच खरं आहे. दुकानातल्या टिंटिंग मशीनमध्ये रंग तयार होतो तो एका बेसमध्ये रंगीत द्रव्याचे मोजलेले थेंब टाकून. फिक्या रंगांसाठीचा बेस जास्त पांढरा असतो, गडद रंगांसाठीच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य कमी असतं. कोड सारखा असूनही बेस चुकला, रंगाचा प्रकार बदलला किंवा मशीनची एखादी नळी नीट सोडत नसली, तर शेड सरकते. डबा जितका लहान, तितके थेंब कमी आणि एका थेंबाच्या चुकीचा परिणाम मोठा. १० लिटरमध्ये जी चूक जाणवणार नाही, ती १ लिटरच्या डब्यात डोळ्यांना दिसते.

आपल्या घरी नेमकं हेच घडलं. हॉलसाठी १० लिटरचा डबा आणला होता. समोरची भिंत शेवटी घेतली आणि रंग संपत आला. तो पुरेल या हिशेबाने डाव्या भागात ताणून लावला, त्यामुळे थर पातळ. मग उजव्या भागासाठी १ लिटरचा नवा डबा आला. दोन्ही झाकणांवरची लेबलं शेजारी ठेवून पाहिली तर कोड एकच, पण रंगाचा प्रकार वेगळा: मोठा डबा मॅटचा, लहान डबा किंचित चमक असलेल्या प्रकारचा. म्हणजे एकाच भिंतीवर दोन दोष होते आणि दोन्हींचा उगम एकच, रंगाचा अंदाज कमी पडणं.

अंदाज चुकणं हा गुन्हा नाही. पण रंग कमी पडतोय हे दिसल्यावर चांगला कारागीर काय करतो, ते या धंद्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक असतं. दुसरा डबा पहिल्याचं लेबल दाखवून आणायचा, उरलेला आणि नवा रंग एकाच मोठ्या बादलीत ढवळून एक करायचा आणि नवी सुरुवात भिंतीच्या कोपऱ्यापासून करायची, मध्यातून नाही. कोपऱ्यात उजेडाचा कोन बदलतो, त्यामुळे थोडा फरक राहिला तरी डोळ्यांना सापडत नाही.

गैरसमज: 'तेवढ्या जागेवर टचअप केलं की झालं.'

होत नाही. सलग भिंतीच्या मध्यावर लावलेला ठिगळाचा हात जाडीत आणि पोतात वेगळा पडतो आणि तिरप्या उजेडात तर हमखास दिसतो. दुरुस्ती म्हणजे ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, वरपासून खालपर्यंत, एकाच बादलीतल्या रंगाने पुन्हा करणं. चारही भिंती पुन्हा मागण्याची मात्र गरज नाही. वाजवी मागणी असली की ती मान्य होण्याची शक्यता वाढते.

ओलीबद्दलही बोललं पाहिजे, कारण इथे ती टाळता येत नाही. नवा गिलावा क्षारयुक्त असतो. तो पुरता वाळण्याआधी रंगवला तर ओलीबरोबर क्षार वर येतात, काही रंगद्रव्यं त्याने विटतात आणि भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसतो. हा फरक वाळल्या दिवशी दिसत नाही, काही आठवड्यांनी डागाडागांनी उमटतो. शंका असली तर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवा. आतून दव धरलं किंवा खालची भिंत काळवंडली तर भिंतीत ओल आहे. अशी भिंत पेंटरने न तपासता रंगवली तर चूक त्याची. पण त्याने थांबा म्हटलं असताना गणपती तोंडावर आले म्हणून मालकाने रेटलं असेल, तर ते मालकाने पत्रात कबूल करावं.

एवढं झालं की पत्र सरळ लिहिता येतं. आपल्या घराचं पत्र असं होईल:

> श्री. पेंटर यांस,
> स. न. वि. वि.
>
> आमच्या हॉलच्या समोरच्या भिंतीचं काम पूर्ण झालं, त्याबद्दल लिहितो आहे. काम सुरू होण्याआधी आपण प्लायच्या तुकड्यावर फिकट पारवा, मॅट इमल्शन, लावून दाखवला होता. त्यावर आपली व माझी सही आहे. तो तुकडा माझ्याकडे आहे.
>
> भिंत पूर्ण वाळल्यावर हा तुकडा भिंतीला टेकवून दुपारी, संध्याकाळी व दिवा लावून पाहिला. तिन्ही वेळी फरक दिसतो. डावा भाग नमुन्यापेक्षा फिका व पट्ट्यांचा आहे. आपल्या उरलेल्या रंगाचा एक हात फूटभर जागेत देऊन पाहिला, तेव्हा तो भाग नमुन्याशी जुळला. यावरून तिथे थर पातळ बसला असावा, असं वाटतं. उजवा भाग निळसर असून थोडा चमकतो. त्यासाठी वापरलेल्या १ लिटरच्या डब्यावर कोड तोच असला तरी रंगाचा प्रकार वेगळा आहे. दोन्ही लेबलांचे आणि भिंतीचे फोटो सोबत जोडले आहेत.
>
> माझी विनंती अशी की आपण येत्या ८ दिवसांत येऊन माझ्यासमोर हे पाहावं. त्यानंतर ही एकच भिंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मॅट इमल्शनचे डबे एकत्र करून पुन्हा रंगवून द्यावी. आधी दोन फुटांचा चौकोन रंगवून, तो वाळल्यावर दोघांनी पाहू आणि मगच पुढे जाऊ. बाकीच्या भिंतींबद्दल तक्रार नाही आणि त्यांचे पैसे दिलेले आहेत. या भिंतीची राखून ठेवलेली रक्कम काम झालं की त्याच दिवशी देईन.
>
> आपलं काम मी पूर्वीही पाहिलं आहे, म्हणून हे मोकळेपणाने लिहिलं. कळावे.

या पत्रात कुठेही 'फसवणूक' हा शब्द नाही. काय दिसलं, कसं तपासलं आणि काय हवं, एवढंच आहे. पेंटरला ते तपासून पाहता येतं आणि पटलं तर मान खाली न घालता मान्य करता येतं. पोलादपूर-महाडसारख्या भागात पेंटर आणि घरमालक उद्या बाजारात, परवा लग्नात भेटणारच आहेत. त्या संबंधाची किंमत एका भिंतीहून मोठी आहे, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: 'रंग ही आवडीची बाब, त्यावर तक्रार चालत नाही.'

'मला आवडला नाही' ही तक्रार नव्हे, हे खरं. पण मान्य नमुना ठरलेला असताना त्याहून वेगळं काम देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी ठरू शकते. माल आणि मजुरी घेऊन काम अंगावर घेणारा ठेकेदार या कायद्याखाली येतो. मालकाच्या हाताखाली, त्याच्या सांगण्याप्रमाणे राबणाऱ्या नोकराची सेवा कायद्याने वगळली आहे. म्हणून काम कशा बोलीवर दिलं होतं, हे पत्रात किंवा बिलात दिसलं पाहिजे. लेखी करार नसला तरी सहीचा तुकडा, लेबलं, पैसे दिल्याची नोंद आणि हे पत्र यांतून बोली सिद्ध करता येते.

पत्राला उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. रायगड जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग अलिबागला आहे. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. तोपर्यंत रिकामे डबे भंगारात देऊ नका, झाकणावरची लेबलं आणि सहीचा तुकडा कोरड्या जागी ठेवा.